रिकाम्या जागेचे कारण

आठवीच्या वर्गात काळांची मिश्र कार्यपत्रिका तपासून परत दिली की मुले पहिल्यांदा गुण पाहतात आणि मग शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. त्यानंतर एखादी मुलगी उठून विचारते, "सर, मी 'सुटली' लिहिलं, तिनं 'सुटली होती' लिहिलं. माझं चूक का?" उत्तरसूचीत नुसते 'सुटली होती, पूर्ण भूतकाळ' एवढेच असेल, तर शिक्षकाकडे द्यायला उत्तर नसते. 'पूर्ण भूतकाळ' हे त्या रूपाचे नाव झाले. तिथे तेच रूप का यावे, याचे कारण त्या नावात सापडत नाही. या प्रकरणात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांसाठी मी तयार केलेली बारा जागांची एक कार्यपत्रिका घेऊ आणि तिची उत्तरसूची कारणांसह कशी लिहायची ते पाहू. वाक्ये मुद्दाम याच भागातली आहेत. वाक्यातली गोष्ट मुलाला ओळखीची असली की त्याचे सगळे लक्ष क्रियापदावर राहते.

कार्यपत्रिका अशी आहे. कंसात धातू दिला आहे. वाक्ये ३, ४, ९ आणि १० एकाच सहलीची असून त्याच क्रमाने घडली आहेत, असे पत्रिकेच्या वरच सांगितले आहे.

१. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरीवर ______. (हो)
२. कुकडी नदी जुन्नर तालुक्यातून ______. (वाह)
३. काल आम्ही लेण्याद्रीची लेणी ______. (पाह)
४. पायऱ्या उतरत असताना अचानक पाऊस ______. (ये)
५. ती बघ, आत्ता डिंभे धरणाजवळ मुले चित्रे ______. (काढ)
६. आम्ही स्थानकावर पोचलो, तेव्हा मंचरला जाणारी एसटी ______. (सुट)
७. आजोबा लहानपणी रोज चालत घोडेगावच्या शाळेत ______. (जा)
८. उद्या आम्ही खोडदची दुर्बीण ______. (पाह)
९. मग बाईंनी मुलींना आडोशाला ______. (बोलाव)
१०. त्या गडबडीत मी पाण्याची बाटली तिथेच ______. (विसर)
११. गेल्या चार वर्षांपासून ताई नारायणगावात ______. (राह)
१२. पाऊस उघडला, तर उद्या आम्ही गडावर ______. (जा)

आता कारण कसे लिहायचे ते ठरवू. मराठीत प्रत्येक रिकामी जागा दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न असा की क्रिया केव्हाची आहे. त्याचे उत्तर वाक्यातला एखादा शब्द देतो: 'काल', 'उद्या', 'आत्ता', 'रोज'. दुसरा प्रश्न असा की क्रियापद कोणाच्या मागे जाते, म्हणजे त्याचे लिंग आणि वचन कोण ठरवते. कर्ता ठरवतो, कर्म ठरवते, की कोणीच नाही? वर्तमान आणि भविष्यकाळात हा दुसरा प्रश्न सोपा असतो, कारण तिथे क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. भूतकाळात मात्र काळ बरोबर ओळखूनही मुलांचे उत्तर चुकते ते इथेच. म्हणून प्रत्येक कारणात दोन गोष्टी याव्यात: काळ सांगणारा शब्द आणि रूप ठरवणारा शब्द. एवढ्याने कारण पुरे होते, आणि ते सहसा एका ओळीत मावते.

त्या पद्धतीने लिहिलेली उत्तरसूची अशी होते.

१. झाला. '१६३० साली' म्हणून साधा भूतकाळ. कर्ता 'जन्म' हा पुल्लिंगी एकवचनी, म्हणून 'झाला'.
२. वाहते. काळ सांगणारा शब्द नाही, गोष्ट कायमची आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ, कर्ता 'नदी'.
३. पाहिली. 'काल' म्हणून साधा भूतकाळ. क्रियापद 'लेणी' या कर्माच्या मागे.
४. आला. मागच्या वाक्यातला 'काल' आणि इथला 'अचानक', उतरणे चालू असताना मध्येच घडून गेलेली क्रिया, म्हणून साधा भूतकाळ, कर्ता 'पाऊस'.
५. काढत आहेत. 'ती बघ, आत्ता' म्हणून अपूर्ण वर्तमानकाळ. कर्ता 'मुले' अनेकवचनी.
६. सुटली होती. पोचण्याआधीच सुटलेली, म्हणून पूर्ण भूतकाळ, कर्ता 'एसटी'.
७. जात असत. 'लहानपणी' आणि 'रोज' हे दोन्ही शब्द मिळून रीति भूतकाळ. 'आजोबा' आदरार्थी अनेकवचनी.
८. पाहू. 'उद्या' म्हणून साधा भविष्यकाळ, कर्ता 'आम्ही'.
९. बोलावले. सहलीच्या क्रमातली पुढची घटना, म्हणून साधा भूतकाळ. कर्त्याला 'नी' आणि कर्माला 'ना' लागल्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी.
१०. मुलाने लिहिले तर विसरलो, मुलीने लिहिले तर विसरले. तीच सहल, म्हणून साधा भूतकाळ. हे क्रियापद भूतकाळातही कर्त्याच्या मागे जाते.
११. राहते किंवा राहत आहे. 'पासून' म्हणजे तेव्हा सुरू झाले आणि अजून चालू आहे, म्हणून वर्तमानकाळ, कर्ता 'ताई'.
१२. जाऊ. 'उद्या' म्हणून भविष्यकाळ, 'उघडला' हे इथे अट सांगते, काळ सांगत नाही, कर्ता 'आम्ही'.

यातल्या काही जागा थोडा वेळ थांबून पाहण्यासारख्या आहेत.

पहिल्या जागेत बरीच मुले 'झाले' लिहितात. महाराजांबद्दल आदराने अनेकवचन वापरायचे असते हे त्यांना ठाऊक असते आणि ते योग्यही आहे. पण 'महाराजांचा' या शब्दाला 'चा' लागला आहे, म्हणजे तो कर्ता उरलेला नाही. झाला तो जन्म. कारणात नुसते 'साधा भूतकाळ' लिहिले तर 'झाले' लिहिणाऱ्या मुलाला आपली चूक कळतच नाही, कारण त्याने काळ बरोबरच ओळखलेला असतो. 'कर्ता जन्म' हे दोन शब्द वाचले की ती त्याची त्यालाच दिसते.

तिसरी, नववी आणि दहावी या तीन जागा एकत्र वाचायला हव्यात, कारण मराठी भूतकाळाची सगळी गंमत त्या तिघींत आहे. 'आम्ही किल्ला पाहिला', 'आम्ही गुहा पाहिली', 'आम्ही धरण पाहिले', 'आम्ही लेणी पाहिली'. पाहणारे चारही वेळा आम्हीच, पण क्रियापद दर वेळी पाहिलेल्या वस्तूप्रमाणे बदलले. यामागे इतिहास आहे. आपल्या 'पाहिला, केला, लिहिला' या 'ल'च्या रूपांचे मूळ संस्कृतातल्या 'कृत', 'लिखित' अशा धातुसाधित विशेषणांत आहे. 'रामेण पत्रं लिखितम्' या वाक्याचा शब्दशः अर्थ 'रामाकडून पत्र लिहिलेले' असा होतो. 'लिहिलेले' हे पत्राचे विशेषण असल्याने ते पत्राचेच लिंग घेणार. मराठीत ते विशेषण क्रियापद झाले, पण कर्माच्या मागे चालायची त्याची सवय गेली नाही. कर्त्याला लागणारा 'ने' किंवा 'नी'सुद्धा त्याच 'रामेण'च्या तृतीयेचे काम आजही करतो. 'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' यांना तो दिसत नाही, म्हणून मुलांना ते नेहमीसारखे कर्ते वाटतात आणि क्रियापद त्यांच्याशी जुळवावेसे वाटते. तिसऱ्या जागेत दुसरीही एक अडचण आहे. 'लेणे' हे नपुंसकलिंगी आणि त्याचे अनेकवचन 'लेणी'. 'घरे पाहिली' तशी 'लेणी पाहिली'. 'नपुंसकलिंग म्हणून पाहिले' असे लिहिणारा मुलगा लिंग ओळखतो, पण वचन विसरतो.

नवव्या जागेत कर्माच्या मागे जायची वाटही बंद होते. 'बाईंनी मुली बोलावल्या' असे वाक्य असते, तर क्रियापद मुलींच्या मागे गेले असते. पण 'मुलींना' म्हटल्याबरोबर कर्मावर 'ना' येऊन बसला. कर्त्यावर 'नी', कर्मावर 'ना'. क्रियापदाला आता धरायला कोणीच नाही. अशा वेळी ते नपुंसकलिंगी एकवचनात राहते: 'बोलावले'. मुलांनी कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग पाठ केलेले असतात. ते नेमके कशासाठी शिकवले होते, हे या एका जागेत समजते. इथे 'बोलावलं' असे लिहिणाऱ्याचे व्याकरण चुकलेले नाही. ती बोलण्यातली रीत आहे. संवाद लिहिताना ती शोभते, परीक्षेच्या लेखनात 'बोलावले' लिहावे, एवढे सांगून पुढे जावे.

दहाव्या जागेचे उत्तर लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे, ते यामुळे. 'मी बाटली ठेवली' असे मुलगा आणि मुलगी दोघेही लिहितील, कारण ठेवली ती बाटली. पण 'मी बाटली विसरलो' म्हणणार मुलगा आणि 'विसरले' म्हणणार मुलगी. विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे, समजणे, पिणे अशी थोडी क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात: 'मी धडा शिकलो', 'ती पाणी प्याली'. 'म्हणणे' याला तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. 'मी म्हणालो' हे कर्त्याच्या मागे जाते, 'मी म्हटले' जात नाही. आणि दोन्ही शुद्ध आहेत. अशा क्रियापदांची यादी छोटी आहे, तरी ती पाठ करून घेण्यापेक्षा 'ठेवली' आणि 'विसरलो' ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी. छापील उत्तरसूचीत मात्र फक्त 'विसरलो' लिहिलेले असेल आणि तपासणारा घाईत असेल, तर वर्गातल्या सगळ्या मुलींचे बरोबर उत्तर चुकीचे ठरते.

आता काळाकडे वळू. बाराव्या जागेत 'उघडला' हे रूप दिसताच मुले भूतकाळ धरतात आणि 'गेलो' लिहून मोकळी होतात. पण पाऊस अजून उघडलेला नाही. इथे रूप आणि काळ यांतला जुना भेद उपयोगी पडतो. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. दामल्यांनी क्रियापदाच्या रूपांना काळाची नावे न देता प्रत्ययांची नावे दिली: 'त'चे ते ताख्यात, 'ल'चे ते लाख्यात, 'ईल'चे ते ईलाख्यात. एकच रूप निरनिराळ्या काळांचे काम करते, हे त्यांनी पाहिले होते. हे पाहायला ग्रंथ उघडायची गरज नाही. उसाच्या फडाजवळ कोणी "पळा, बिबट्या आला!" असे ओरडले, तर बिबट्या येऊन गेला असे जुन्नर-आंबेगावात कोणी समजत नाही. आईने हाक मारली की आपण घरातूनच "आलोच" म्हणतो, आणि तेव्हा जागचे हललेलोही नसतो. "उद्या येतो" यातले रूप वर्तमानाचे आणि काळ भविष्याचा. म्हणून काळ ओळखताना वाक्यातल्या दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटाकडे पाहू नये. 'उद्या' आणि 'तर' या शब्दांकडे पाहावे.

अकराव्या जागेत अडचण येते ती इंग्रजीच्या तासामुळे. आठवीतले मूल त्याच वर्षी इंग्रजीचेही काळ शिकत असते. चार वर्षांपूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला वेगळे, लांबलचक रूप लागते. मराठीला ते लागत नाही. 'पासून' हा शब्द सुरुवात सांगतो आणि साधा वर्तमानकाळ बाकीचे काम करतो: 'चार वर्षांपासून राहते.' हाच गोंधळ उलट्या बाजूनेही होतो. 'मी गेल्या वर्षी शिवनेरीला गेलो होतो' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. त्यात 'होतो' येण्यासाठी दुसरी कोणतीही घटना असावी लागत नाही. त्यामुळे उत्तरसूचीत 'पूर्ण भूतकाळ नेहमी दोन घटनांपैकी आधीच्या घटनेसाठी वापरतात' असे लिहिले, तर तो नियम मराठीचा राहत नाही. कारण त्याच वाक्यापुरते लिहावे. नियम मोठा केला की तो खोटा पडू लागतो.

एकाहून जास्त उत्तरे बरोबर असतील, तर तीही सूचीत आधीच लिहिलेली हवीत. सातव्या जागेत 'जात असत' हे पुस्तकातले रूप आहे, पण 'जात' आणि 'जायचे' यांतूनही रोजचा नेम तितकाच स्पष्ट होतो. आठव्यात 'पाहू' आणि 'पाहणार आहोत' दोन्ही चालतात. 'पाहणार आहोत'मध्ये ठरवलेला बेत जास्त जाणवतो. खोडदच्या दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. ती पाहायला जायचे तर बेत आधीच ठरवावा लागतो, म्हणून बरीच मुले आपण होऊन 'पाहणार आहोत' लिहितात. त्यांना गुण द्यायला हवेत. 'पाहिली' किंवा 'पाहतो' यांना मात्र देऊ नयेत. 'पाहिली'ला 'उद्या' अडवतो. 'उद्या पाहतो' हे बोलण्यात चालते, पण पत्रिकेने काळाचे रूप विचारले आहे.

कारण खरे आहे की नुसते चिकटवलेले, हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. कारणात जो शब्द खूण म्हणून दिला आहे, तो वाक्यात बोटाखाली झाका आणि वाक्य पुन्हा वाचा. दिलेले उत्तर आता सैल झाले, म्हणजे त्याच्या जागी दुसरे रूपही बसू लागले, तर खूण खरी होती. तिसऱ्या वाक्यात 'काल' झाकला की 'आम्ही लेणी पाहू', 'पाहतो', 'पाहत होतो' ही सगळी रूपे चालू लागतात. म्हणजे 'काल' हीच खूण. पाचव्यात 'ती बघ, आत्ता' झाकले की 'काढतात'ही बसते, 'काढत होती'ही बसते. सातव्यात 'रोज' झाकला की 'लहानपणी शाळेत गेले' हेही चालते. म्हणून तिथे एकटा 'लहानपणी' पुरत नाही, दोन्ही शब्द लिहावे लागतात. चौथ्या वाक्यात तर काळाची खूण त्या वाक्यात नाहीच. 'उतरत असताना' या शब्दांना स्वतःचा काळ नसतो, 'उतरत असताना पाऊस येईल' असेही म्हणता येते. खूण आहे ती मागच्या वाक्यातल्या 'काल' या शब्दात. म्हणून पत्रिकेच्या वर 'ही वाक्ये एकाच सहलीची आहेत' ही सूचना नसती, तर चौथी, नववी आणि दहावी या तिन्ही जागा मोकाट सुटल्या असत्या. 'बाईंनी मुलींना आडोशाला बोलवावे' हेही नुसते वाचले तर शुद्धच वाक्य आहे.

आता सहाव्या जागेला हीच परीक्षा लावू. कारणात लिहिले आहे, 'पोचण्याआधीच सुटलेली'. पण 'आधीच' हा शब्द वाक्यात आहे कुठे? नाही. वाक्यात आहे तो फक्त 'तेव्हा'. आम्ही पोचलो तेव्हा एसटी सुटली, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर निघाली. आम्ही पोचलो तेव्हा एसटी सुटत होती, म्हणजे अजून धावत जाऊन पकडता आली असती. आम्ही पोचलो तेव्हा एसटी सुटली होती, म्हणजे स्थानक रिकामे होते. तिन्ही गोष्टी रोज घडतात आणि तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. सूचीतले कारण वाक्यातून निघालेले नव्हते. ते पत्रिका लिहिणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, मनात होते. मला माहीत होते की एसटी निघून गेली होती. मुलांना ते माहीत असायचे काही कारण नव्हते.

दोष जागेतच असल्याने तो वाक्यात दुरुस्त करावा लागतो: 'आम्ही स्थानकावर पोचलो, तेव्हा मंचरला जाणारी एसटी पाच मिनिटांपूर्वीच ______.' आता 'पाच मिनिटांपूर्वीच' ही खूण वाक्यात आली. 'सुटली' आणि 'सुटत होती' या दोघींना आता जागा उरत नाही, आणि उत्तरसूचीतली ओळही खरी होते: 'पाच मिनिटांपूर्वीच' म्हणून पूर्ण भूतकाळ, कर्ता 'एसटी'.

म्हणून शिक्षकांना एकच सांगणे आहे. उत्तरसूची पत्रिका वाटण्याच्या आदल्या दिवशी लिहा, आणि प्रत्येक ओळीत वाक्यातला एक तरी शब्द अवतरणचिन्हांत द्या. ज्या जागेपुढे असा शब्द सापडणार नाही, ती जागा छापायला देऊ नका. तरीही एखादी निसटून वर्गात पोचली, तर ती मुलांच्या माथी मारू नये. दुरुस्तीच्या आधीच्या पत्रिकेत ज्यांनी 'सुटली' किंवा 'सुटत होती' लिहिले, त्यांना सहाव्या जागेचे पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.